टायपिंग करताना मनगट दुखते? आधी कोपर मोजा

आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली बऱ्याच घरांतून संध्याकाळी कीबोर्डचा आवाज येतो. कोणी मराठी ३०ची तयारी करते, कोणी इंग्रजी ४०ची. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी हे प्रमाणपत्र लागते, म्हणून मुले-मुली क्लासमधून आल्यावर घरीही तास-दोन तास सराव करतात. महिनाभरात तक्रारी सुरू होतात. मनगट ठणकते, खांदे भरून येतात, मानेची शीर आखडते. मग बाम लावायचा, क्रेप बँडेज बांधायचे आणि पुन्हा त्याच टेबलावर बसायचे, असे चालू राहते. दुखण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा त्या टेबलाच्या उंचीतच असते.

मनगटाच्या आत काय असते ते आधी पाहू. तळहाताच्या मुळाशी छोट्या हाडांची एक कमान आहे. तिच्यावर जाड पट्टा ताणलेला असतो, त्यामुळे तिथे एक अरुंद बोगदा तयार होतो. बोटे वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मोठी नस या बोगद्यातून जातात. मनगट सरळ असते तेव्हा या सगळ्यांना पुरेशी जागा मिळते. पंजा वर उचलून मनगट मागे वाकवले की बोगद्यातला दाब वाढतो. वाकलेल्या मनगटाने तासभर बोटे चालवली तर दोऱ्या घासतात आणि नस दबते. म्हणून टायपिंगची बैठक लावताना एकच गोष्ट सांभाळायची: कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत हात एका रेषेत राहिला पाहिजे. कीबोर्डची उंची, उतार आणि मनगटाखालची गादी हे सगळे यावरूनच ठरते.

सुरुवात कोपरापासून करा. खुर्चीत पाठ टेकून बसा, खांदे सैल सोडा, दंड अंगालगत खाली सोडा आणि हात कोपरात वाकवा. कोपराचा कोन काटकोनाएवढा किंवा त्याहून थोडा उघडा, म्हणजे ९० ते ११० अंशांच्या दरम्यान हवा. आता कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. कीबोर्डची बटणे या उंचीवर किंवा तिच्यापेक्षा इंच-दीड इंच खाली असावीत. वर मात्र नकोत.

एक उदाहरण मोजून पाहू. पाच फूट उंचीची एक मुलगी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते. बैठक जमिनीपासून साडेसोळा इंचांवर आहे आणि तिचे कोपर बैठकीपासून आठ इंचांवर, म्हणजे जमिनीपासून साडेचोवीस इंचांवर. समोरच्या टेबलाची उंची साडेएकोणतीस इंच आहे. त्यावर एक इंच जाडीचा कीबोर्ड ठेवला की बटणे साडेतीस इंचांवर जातात. म्हणजे बटणे तिच्या कोपरापेक्षा सहा इंच वर आहेत. अशा वेळी शरीर दोनच गोष्टी करू शकते. एक तर ती खांदे उचलून धरेल, मग मान आणि खांदे भरून येतील. नाही तर थकून मनगटे टेबलाच्या कडेवर टेकवेल आणि पंजे वर उचलून टाइप करेल, मग मनगट दुखेल. तिची बसण्याची पद्धत चुकत नाही. टेबल लिहिण्या-जेवण्याच्या उंचीचे आहे, टायपिंगच्या नव्हे.

फरक दोन-तीन इंचांचा असेल तर बैठक उंच करून भागते. गोधडी घट्ट घडी घालून खुर्चीत ठेवा आणि तिच्यावर बसल्यानंतरच उंची मोजा, कारण गोधडी दबते. पाय लोंबकळायला लागले तर खाली वीट किंवा पाट ठेवा, नाहीतर मांडीच्या मागची बाजू खुर्चीच्या कडेने दबते आणि पायांना मुंग्या येतात. सहा इंचांचा फरक मात्र गोधडीने भरून काढू नये. तेवढ्या उंचीवर बसल्यावर प्लॅस्टिकची खुर्ची डगमगते.

या मुलीसाठी सोपा उपाय म्हणजे कीबोर्ड टेबलावरून खाली घेणे. सुताराकडून साधारण दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि अर्धा इंच जाडीचा प्लायचा तुकडा आणायचा, कडा घासून घ्यायच्या आणि तो मांड्यांवर आडवा ठेवायचा. आता हिशेब बघा. बैठक साडेसोळा इंच, मांडीची जाडी पाच इंच, प्लाय अर्धा इंच आणि कीबोर्ड एक इंच, असे मिळून तेवीस इंच होतात. कोपर साडेचोवीस इंचांवर आहे, म्हणजे बटणे दीड इंच खाली आली. माउसही याच फळीवर उजवीकडे बसतो. तो टेबलावर ठेवला तर एक हात पुन्हा उंच जाईल. मॉनिटर टेबलावरच राहू द्या. त्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हाताच्या लांबीएवढा दूर असला की पुरे. यासाठी हात नसलेली खुर्ची बरी, नाहीतर फळी मांड्यांवर न बसता खुर्चीच्या हातांवर अडकते आणि उंच राहते.

जमिनीवर बसून सराव करणाऱ्यांनीही हेच माप घ्यावे, फक्त मांडी घालून बसल्यावर. अभ्यासाचे छोटे डेस्क बहुतेकदा कोपरापेक्षा उंच निघते. तिथेही मांडीवरची फळीच उपयोगी पडते. लॅपटॉप असेल तर अडचण वेगळी आहे. पडदा आणि बटणे एकत्र असल्याने एकाची उंची जमवली की दुसऱ्याची बिघडते. रोज तासाहून जास्त सराव असेल तर वेगळा साधा कीबोर्ड जोडावा आणि लॅपटॉप टेबलावर उंच ठेवावा.

आता उतार. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. ते उघडले की मागची बाजू उंच होते, अक्षरे नीट दिसतात आणि म्हणून अनेक जण ते उघडतात. पण मागच्या ओळीतली बटणे गाठायला मग पंजा वर उचलावा लागतो, म्हणजे मनगट मागे वाकतेच. म्हणून हे पाय मिटून ठेवा. न बघता टाइप करायला शिकणाऱ्याला अक्षरे दिसायची गरजही नसते.

त्यापुढची पायरी उलट उताराची आहे: कीबोर्डची तुमच्याकडची कड किंचित उंच आणि पडद्याकडची कड खाली. बटणे कोपरापेक्षा थोडी खाली असली की हात कोपराकडून बोटांकडे उतरता असतो. कीबोर्डही त्याच उताराने ठेवला की मनगट आपोआप सरळ राहते. मांडीवरच्या फळीला हा उतार बऱ्याचदा आपोआप येतो, कारण मांड्या गुडघ्यांकडे थोड्या उतरत्या असतात. टेबलावर तो हवा असेल तर कीबोर्डच्या पुढच्या कडेखाली लाकडाची पट्टी किंवा घट्ट घडी केलेले वर्तमानपत्र ठेवावे. अर्धा इंच पुरतो. त्याहून जास्त झाले तर कीबोर्ड पुढे घसरतो.

उलट उतार सगळीकडे चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. कीबोर्ड कोपरापेक्षा उंच असेल तर हात चढता असतो. अशा वेळी कीबोर्ड पुढे उतरता केला तर मनगट खालच्या बाजूला मोडते. कीबोर्ड हाताच्या रेषेशी समांतर हवा, एवढे ध्यानात धरले की कोणता उतार कुठे हवा ते कळते. म्हणून आधी उंची जमवायची, मगच उताराला हात लावायचा.

मनगटाखाली ठेवायच्या मऊ गाद्या बाजारात मिळतात. नाव मनगटाचे असले तरी मनगट त्यांच्यावर टेकवायचे नसते. बोगदा नेमका तिथेच आहे. टाइप करताना मनगट टेकवले की गादी खालून नस दाबते. शिवाय टेकलेला हात जागेवर अडकतो आणि शिफ्ट, बॅकस्पेस, एंटर गाठायला मनगट बाजूला वळवावे लागते. मराठी टायपिंगमध्ये शिफ्ट वारंवार लागते, त्यामुळे हा ताण वाढतो. टाइप करताना पंजे बटणांवर अधांतरी असावेत आणि लांबचे बटण गाठताना कोपरापासून पूर्ण हात सरकावा. उतारा संपला की पंजे खाली ठेवा, तेव्हा गादीचा उपयोग. तीही तळहाताच्या मांसल भागाखाली हवी आणि कीबोर्डच्या पुढच्या कडेहून उंच नको. टॉवेलची गुंडाळी करून मनगटाखाली ठेवू नका.

सगळे जमले का हे पाहायला नेहमीप्रमाणे पाच मिनिटे टाइप करा आणि घरातल्या कोणाला बाजूने मोबाईलवर फोटो काढायला सांगा. फोटोत कोपर, मनगट आणि बोटांचे मूळ एका रेषेत दिसले पाहिजे. मनगटाशी घडी दिसली किंवा खांदा कानाकडे गेलेला दिसला तर उंची पुन्हा मोजा. परीक्षा केंद्रावर फळी नेता येत नाही. तिथे बसल्या बसल्या कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, खुर्ची जवळ ओढा आणि मनगटे टेबलाच्या कडेवरून उचला. परीक्षेआधीचे शेवटचे तीन-चार सराव तशा टेबलावर करून पाहा, म्हणजे ऐनवेळी वेग पडत नाही.

बैठक सुधारूनही काही लक्षणे राहिली तर ती ओळखता आली पाहिजेत. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. करंगळी बधिर होत असेल तर दोष कोपरात शोधा. कोपर फार वाकवून किंवा कडक जागी टेकवून बसल्याने तिथली नस दबते, आणि म्हणूनही कोपराचा कोन थोडा उघडा ठेवायचा. मनगटातली नस केवळ टायपिंगनेच दबते असे नाही. मधुमेह, थायरॉईडचा विकार आणि गरोदरपण यांतही ती दबते, म्हणून डॉक्टरांना हे जरूर सांगावे. बधिरपणा दोन-तीन आठवडे टिकला, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बसका दिसू लागला, तर सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी लवकर सुरू केली तर पुष्कळांना आराम पडतो. घट्ट क्रेप बँडेजने मात्र तिथला दाब वाढू शकतो, म्हणून ते आपल्या मनाने बांधू नका.