प्रिंटर स्वस्त, शाई महाग? मिरजोळ्यातल्या एका घरचा हिशोब

आमची ताई मिरजोळ्यात घरूनच हिशोब लिहिण्याची कामं करते. बिलं, चलनं, पत्रं मिळून महिन्याला १०० पानं होतात. गेल्या वर्षी प्रिंटर घ्यायला गेलो तेव्हा दुकानात दोन पर्याय होते. कार्ट्रिजवाला ५,००० ला आणि शाईच्या बाटलीवाला, म्हणजे इंक टँक, १२,००० ला.

साहजिकच आधी स्वस्तातला आवडला. मग मागची बाजू वाचली. ६५० रुपयांच्या कार्ट्रिजवर १०० पानं, म्हणजे पानामागे साडेसहा रुपये. ५०० रुपयांच्या काळ्या बाटलीवर ४,५०० पानं, म्हणजे ११ पैसे. वरचे ७,००० रुपये साधारण १,१०० पानांत वसूल होणार होते. ताईच्या वेगाने ११ महिने. टँकवाला घेतला.

पण बाटलीवरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. पहिली बाटली नळ्या भरण्यातच बरीच जाते. शिवाय प्रिंटर दोन-तीन आठवडे बंद राहिला की नोझलमध्ये शाई सुकते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. मग Nozzle Check चं पान काढा. रेघा तुटक दिसल्या तरच क्लीनिंग करा. दोनदा करून फरक पडला नाही तर रात्रभर थांबा. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या स्पंजात वाया जाते, आणि स्पंज भरला की प्रिंटर छापायचंच थांबवतो. आठवड्याला एक रंगीत पान छापणं त्यापेक्षा परवडतं. महिन्याला दहाच काळी पानं लागत असतील तर लेझर बघा. त्याचा टोनर म्हणजे पावडर, ती सुकत नाही.

खरा वैताग कनेक्शनचा. पावसाळ्यात लाईट गेली, परत आली की कॉम्प्युटरवर प्रिंटर Offline! तो बिघडलेला नसतो. राउटर पुन्हा सुरू होताना त्याला नवा आयपी पत्ता देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये Address Reservation करून पत्ता पक्का केला की हा त्रास थांबतो. जोडणी पहिल्यांदा करताना फोन 2.4 GHz च्या वायफायवर ठेवा, कारण घरगुती प्रिंटर बहुतेक वेळा तेवढंच ओळखतात. एवढी खटपट नको असेल तर सरळ यूएसबी केबल लावा. ताईने शेवटी तेच केलं.

अक्षरं सुबक येतात, फोटो ठीकठाक. घेण्याआधी दुकानात छापलेल्या पानावर ओलं बोट फिरवून बघा. काळी शाई पिगमेंट असेल तर फारशी पसरत नाही, डाय असेल तर पसरते. कोकणातल्या पावसात हा फरक कळतोच. कागदाचा गठ्ठाही बंद पिशवीत ठेवा, दमट कागद अडकतो.

सर्व्हिसचं मात्र आमचं चुकलं. वॉरंटी एक वर्ष वाचून खूश झालो, पुढची पानांची मर्यादा वाचलीच नाही. दोन्हींपैकी जे आधी संपेल ते. आणि माणूस घरी येणार की यंत्र उचलून न्यायचं, हे तुमचा पिनकोड सांगून बिल करण्याआधीच विचारा.