निघून गेलेल्याचा पत्ता

साताऱ्याच्या आत्याचा फोन आला, तेव्हा तिच्या घरचं इंटरनेट बंद पडून तीन दिवस झाले होते. निदान तिची समजूत तशी होती. इंटरनेटवाला मुलगा येऊन राउटर बदलून गेला होता. फायरफॉक्स काढून पुन्हा टाकून झाला होता. संगणक किती वेळा बंद-चालू केला त्याचा हिशेब नव्हता. विजेचं बिल भरायची मुदत जवळ आली होती आणि पडद्यावर तेच ते वाक्य येत होतं:

`The proxy server is refusing connections`

"अरे, माझ्या मोबाईलवर सगळं चालतंय. त्याच वायफायवर," आत्या म्हणाली. "आणि संदीपनं त्याच्या नावानं संगणक उघडला तर तिथेही चालतंय. माझ्याच नावानं उघडलं की चालत नाही."

निम्मं उत्तर आत्याच्या या बोलण्यातच होतं. मोबाईल चालतो म्हणजे घरात येणारी लाईन आणि राउटर दोन्ही ठीक आहेत. त्याच संगणकावर आतेभावाच्या खात्यात चालतं म्हणजे संगणकाचं नेटवर्क कार्डही ठीक आहे. दोष फक्त आत्याच्या खात्यात आहे, म्हणजे तो यंत्राचा नाही, कुठल्या तरी सेटिंगचा आहे. आणि कुठल्या सेटिंगचा, ते पडद्यावरचं वाक्य पहिल्या दिवसापासून सांगत होतं.

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. शहरात नव्यानं राहायला गेलेल्या माणसाला आपण पत्र पाठवायचो, तेव्हा पाकिटावर त्याच्या नावाखाली 'द्वारा' लिहून घरमालकाचं नाव घालायचो. प्रॉक्सी हे संगणकाचं 'द्वारा' आहे. ते एकदा लिहिलेलं असलं की ब्राउझर कुठलीही साइट थेट मागत नाही. मागणी त्या मध्यस्थाकडे देतो, मध्यस्थ ती पुढे पाठवतो आणि आलेलं उत्तर परत आणून देतो. कचेऱ्यांमध्ये आणि कॉलेजांमध्ये असा मध्यस्थ मुद्दाम ठेवलेला असतो. घरी बहुधा कुणीच ठेवलेला नसतो. तो एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर येतो. जाहिराती अडवणारी काही सॉफ्टवेअर, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवणारी काही, फुकट 'सुरक्षित जोडणी' देणारी काही, आणि न विचारता घुसलेली जाहिरातबाज सॉफ्टवेअर, अशी ही मंडळी ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसतात. त्यासाठी ती विंडोजच्या सेटिंगमध्ये 'द्वारा' म्हणून स्वतःचा पत्ता लिहून ठेवतात.

तो पत्ता असतो `127.0.0.1`. हा आकडा जगातल्या कुठल्याही संगणकावर त्या संगणकाचाच पत्ता असतो. त्याच्यापुढे पोर्टचा आकडा येतो, म्हणजे घराच्या पत्त्यापुढचा खोली क्रमांक म्हणा. आत्याच्या संगणकावर लिहिलं होतं `127.0.0.1:8080`. अर्थ असा, की प्रत्येक मागणी याच संगणकातल्या 8080 क्रमांकाच्या खोलीत द्यावी. महिनाभर त्या खोलीत जाहिराती अडवणारं एक फुकट सॉफ्टवेअर बसलेलं होतं. संदीपनं ते रविवारी काढून टाकलं. खोली रिकामी झाली, पण 'द्वारा' तसंच राहिलं.

आता ते `refusing` कोण करतं, ते पाहण्यासारखं आहे. ब्राउझर जोडणी मागायला त्या पोर्टवर जातो. तिथे ऐकणारा प्रोग्रॅम नसला, तर स्वतः विंडोजच 'इथे कुणी नाही' असं लगेच कळवते. त्यालाच नकार म्हणतात. म्हणजे दूरच्या कुठल्या सर्व्हरनं आत्याला अडवलं नव्हतं, मागणी घराबाहेर पडलीच नव्हती. म्हणून हा संदेश दोन-चार सेकंदांत येतो. लाईनच मंद असती, तर ब्राउझर बराच वेळ फिरत राहिला असता आणि शेवटी वेगळं वाक्य आलं असतं. क्रोममध्ये याच दुखण्याची खूण म्हणजे `ERR_PROXY_CONNECTION_FAILED`.

मग सॉफ्टवेअर गेलं तरी पत्ता का राहतो? नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना आधीचं सेटिंग टिपून ठेवतं आणि बंद होताना ते जागच्या जागी परत लावतं. प्रोग्रॅमर मंडळींच्या वापरातलं फिडलर असंच वागतं: चालू झालं की विंडोजचं प्रॉक्सी म्हणून स्वतःची नोंद करतं, बहुधा 8888 या पोर्टवर, आणि बंद करताना ती काढून घेतं. पण ते मध्येच कोसळलं, टास्क मॅनेजरमधून मारलं गेलं किंवा वीज गेली, तर नोंद काढायची संधीच मिळत नाही. अँटिव्हायरसनं एखादं आगंतुक सॉफ्टवेअर पकडून त्याच्या फायली पुसल्या, की पुष्कळदा तेच होतं. फायली जातात, पण सेटिंग हे काही फाईल नव्हे. ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, त्या त्या वापरकर्त्याच्या कप्प्यात बसलेलं असतं.

आत्याच्या घरचा प्रकार याहून थोडा आडवळणाचा होता, आणि एकच संगणक दोघं-तिघं वापरतात अशा घरांत तो सहज घडू शकतो. आत्याचं खातं साधं आहे, प्रशासकाचं खातं संदीपचं. सॉफ्टवेअर आत्याच्या खात्यात चालायचं, म्हणून प्रॉक्सी आत्याच्या कप्प्यात लिहिलं गेलं. काढताना विंडोजनं प्रशासकाचा पासवर्ड मागितला आणि संदीपनं आपला टाकला. त्या क्षणापासून काढून टाकणारा प्रोग्रॅम संदीप म्हणून चालू लागला. त्यानं इमानानं साफसफाई केली, पण संदीपच्या कप्प्याची. आत्याच्या कप्प्याकडे त्यानं पाहिलंच नाही. राउटर बदलून, संगणक बंद-चालू करून किंवा फायरफॉक्स पुन्हा टाकून तो कप्पा कधीच रिकामा होणार नव्हता.

मी आत्याला आधी पत्ता वाचून दाखवायला सांगितलं. विंडोज 10 किंवा 11 मध्ये Settings उघडायचं, Network & internet मध्ये जायचं, तिथे Proxy. खाली Manual proxy setup हा भाग आहे, त्यात Use a proxy server हे बटण. ते चालू होतं आणि पुढे तोच 8080 वाला पत्ता. तिथल्या तिथे बंद करता आलं असतं, पण खोली खरोखर रिकामी आहे का ते आधी पाहावं. कारण आत कुणी जिवंत प्रोग्रॅम बसलेला असेल, तर तो काही वेळानं सेटिंग पुन्हा लिहील. त्यासाठी Command Prompt मध्ये ही एक ओळ पुरते. शेवटचा आकडा तुमच्या पत्त्यात असेल तो घालायचा:

```
netstat -ano | findstr :8080
```

उत्तरात LISTENING असलेली ओळ आली, तर त्या पोर्टवर कुणीतरी आहे. ओळीच्या शेवटचा आकडा टास्क मॅनेजरच्या Details मध्ये PID या स्तंभात शोधला की त्याचं नाव कळतं. आत्याच्या पडद्यावर तशी एकही ओळ आली नाही. मग बटण बंद केलं, फायरफॉक्स पुन्हा उघडला आणि बिल भरलं गेलं. तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं, याचं मला समाधान कमी आणि वाईट जास्त वाटलं. राउटरचे पैसे आत्याच्या पेन्शनीतून गेले होते.

फायरफॉक्सची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तो मुळात Use system proxy settings वर असतो, म्हणजे विंडोज सांगेल ते ऐकतो. पण त्याला स्वतःचं प्रॉक्सीही ठेवता येतं. काही सॉफ्टवेअर थेट तिथेच लिहितात. अशा वेळी क्रोम चालतो आणि एकटा फायरफॉक्स अडतो. तसं असेल तर फायरफॉक्सच्या Settings मध्ये General च्या अगदी तळाशी Network Settings आहे. तिथे Manual proxy configuration वरून No proxy वर यायचं. फायरफॉक्स काढून पुन्हा टाकल्यानं हे जात नाही, कारण ते सेटिंग वापरकर्त्याच्या प्रोफाईलमध्ये असतं आणि प्रोफाईल मागे राहतं. बदललेलं सेटिंग दर वेळी फायरफॉक्स उघडताच परत येत असेल, तर त्या प्रोफाईलच्या फोल्डरमध्ये `user.js` नावाची फाईल आहे का ते पाहावं. ही फाईल प्रत्येक सुरुवातीला वाचली जाते आणि तुम्ही केलेला बदल पुसून टाकते. फायरफॉक्स स्वतः ती तयार करत नाही. तुम्हीही केलेली नसेल, तर कुण्या सॉफ्टवेअरनं ती आणून ठेवली आहे असं समजावं.

इंटरनेटवर या दुखण्यासाठी जो उपाय जागोजाग सांगितलेला दिसतो, तो म्हणजे `netsh winhttp reset proxy`. तो चालवून काही फरक पडला नाही म्हणून लोक हताश होतात. विंडोजमध्ये प्रॉक्सीच्या वह्या दोन आहेत. WinHTTP ची वही प्रामुख्यानं पडद्यामागे चालणाऱ्या सेवा वाचतात. ब्राउझर वाचतात ती वर सांगितलेली, वापरकर्त्याच्या कप्प्यातली. एक कोरी केल्यानं दुसरी कोरी होत नाही.

आणखी एक सांभाळायचं. Proxy च्या पानावर `127.0.0.1` ऐवजी दुसराच आकडा, कचेरीचं नाव असलेला पत्ता किंवा Use setup script पुढे एखादा दुवा दिसला आणि लॅपटॉप कचेरीचा असेल, तर त्याला हात लावू नये. ते 'द्वारा' खरं असू शकतं. तिथे कचेरीतल्या संगणक विभागालाच विचारावं. घरच्या लॅपटॉपवर मात्र अनोळखी दुवा सापडला, तर त्याकडे संशयानंच पाहायला हवं.

सॉफ्टवेअर काढायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या आत जाऊन संरक्षण किंवा जोडणी बंद करा, मग ते नीट Exit करा, आणि ज्याच्या खात्यात ते चालत होतं त्याच्याच खात्यातून काढा. प्रशासकाचा पासवर्ड दुसऱ्या कुणाचा टाकावा लागला, तर नंतर त्या वापरकर्त्याच्या खात्यात Proxy चं पान एकदा उघडून पाहा. आणि नवा राउटर आणण्याआधी पडद्यावरचं ते इंग्रजी वाक्य कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. त्यात proxy हा शब्द असेल, तर इंटरनेटवाल्याला फोन करायची घाई करू नका.