पडवीतलं बाकडं पावसात टिकवायचं तर

कोकणातल्या पडवीत ठेवलेलं लाकडी बाकडं बहुधा पायांकडून कुजायला लागतं. पायाच्या कापलेल्या तळाशी लाकडाच्या उभ्या नळ्या उघड्या असतात आणि ओल्या फरशीवरचं पाणी त्यांतून वर चढतं. तिथे लाकूड काळं पडलं, नख सहज रुतलं, की कूज सुरू झाली समजा. म्हणून बाकडं सागवानी घ्या, पायांच्या तळांना इपॉक्सी लावा आणि खाली रबरी चकत्या ठोका. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये सुमारे ६ मिलिमीटर फट सोडली, तर पाणी साचत नाही. बैठक ४५ सेंटीमीटरच्या आसपास उंच आणि पाठ जराशी कललेली असली, की पाहुणा निवांत टेकतो. कापसाच्या गाद्या मात्र पावसाळाभर घरातच ठेवा.