शिऱ्यातली कच्ची चव आणि गुठळी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील व्यापारी घरांत, मग ती मंचरच्या पेठेतली असोत वा नारायणगावच्या, पाहुणा आला की चुलीवर अनेकदा शिरा चढतो. तो कधी रव्याचा असतो, कधी कणकेचा. दोन्हींचे तंत्र मात्र एक नाही.

जाड रव्याच्या शिऱ्यास एक वाटी रव्याला पाऊण वाटी पातळ तूप, एक वाटी साखर आणि निम्मे दूध, निम्मे पाणी असे अडीच वाट्या द्रव लागते. रवा बारीक असेल तर दोन वाट्या पुरतात. या भागातील थंडीत तूप थिजते. म्हणून ते वितळवूनच मोजावे, अन्यथा माप फसते.

रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजावा. आरंभी तो तूप शोषून जड वाटतो. भाजत आला की हलका होऊन उलथन्यावरून सहज घरंगळतो, गुलाबीसर दिसतो आणि खमंग दरवळतो. आच मोठी ठेवल्यास कण बाहेरून तांबूस होतो, आतून कच्चाच राहतो.

द्रव उकळतेच घालावे. ते थोडे थोडे ओतत एका हाताने ढवळत राहावे. गुठळी होते ती कोरड्या पिठाचा पुंजका बाहेरून शिजून बंद झाल्यामुळे. आत पाणी पोचतच नाही. प्रत्येक कणाला तूप लागलेले असेल, तर कण एकमेकांना चिकटत नाहीत. तरीही गुठळी दिसलीच, तर ती लगेच उलथन्याने कढईच्या कडेला दाबून फोडावी.

नंतर झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ द्यावी. साखर येथे घालू नये. साखर पाणी ओढून घेते आणि अर्धवट फुगलेला कण तसाच टणक राहतो. दाण्यास बोटांनी चिमटून पाहावे. मधे टणक कणी लागली नाही, तरच साखर घालावी. साखर विरघळताच शिरा सैल होतो, त्याने घाबरून रवा वाढवू नये. पुन्हा वाफ येताच तो आळतो.

कणकेच्या शिऱ्यास जाडसर दळलेली कणीक उत्तम. एक वाटी कणकेला जवळजवळ वाटीभर तूप, पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि अडीच वाट्या पाणी घ्यावे. गूळ पाण्यात विरघळवून, गाळून, ते पाणी उकळते ठेवावे. कणकेचे कण बारीक असल्याने ते गुळाच्या पाण्यातही फुगतात. दुधात गूळ घातल्यास दूध फाटण्याची भीती असते, म्हणून येथे पाणीच बरे. कणीक भाजताना आधी गोळा होतो, मग तो सैल होऊन कडेने तूप सुटते आणि रंग बदामी होतो. तूप सुटण्याआधीच पाणी ओतले, तर शिरा टाळूला चिकटतो. ही कच्चेपणाची खूण. नंतर कितीही वेलची घातली तरी ती झाकत नाही.