जेवताना समोर फोन, आणि तक्रारीचं पहिलं वाक्य

नवरा-बायकोचा वाद कुठे जाणार, याचा अंदाज पहिल्या तीन मिनिटांतच येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांची भांडणं चित्रित केली आणि पुढे सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. सुरुवातच बोचरी झाली, त्या जोडप्यांमध्ये घटस्फोटाचं प्रमाण जास्त निघालं. १९९९ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास फोनबद्दल नव्हता, पण ताटाशेजारच्या फोनवरून उडणाऱ्या खटक्यांना तो नेमका लागू पडतो.

समजा, पुण्यातलं एक नोकरदार जोडपं जेवायला बसलं आहे. ऑफिसात आपल्या बदलीची चर्चा चालू आहे, हे ती आमटी वाढता वाढता सांगते. तो नुसतं ‘हं’ म्हणतो आणि रील्स पुढे सरकवत राहतो. मधेच ती गप्प होते, तरी त्याच्या ध्यानात येत नाही.

अशा वेळी तोंडून सहज निघतं, “तू सतत त्या फोनमध्येच असतोस!” ‘सतत’ या शब्दातच भांडणाची सोय असते. त्याला एखादा अपवाद आठवतो, किंवा काल तीच माहेरच्या ग्रुपवर तासभर होती हे आठवतं. बदलीचा विषय बाजूला पडतो आणि कोण जास्त फोन बघतं याचा हिशेब सुरू होतो.

त्यापेक्षा जेवणं उरकून, फोन हातात नसताना तिने म्हणावं, “मघाशी मी बदलीचं सांगत होते तेव्हा तू फोन बघत होतास. मला फार एकटं वाटलं. जेवताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवूया का? मीही ठेवते.” यात घडलेली एकच गोष्ट आहे, त्याने तिला काय वाटलं ते आहे आणि दोघांना पाळता येईल अशी छोटी मागणी आहे. “तुला माझी किंमतच नाही, असं मला वाटतं” हे वाक्य वरवर असंच दिसतं, पण तो आरोपच आहे. ऐकणारा लगेच सफाई देऊ लागतो.

मग त्याचंही ऐकून घ्यायला हवं. कुणाची रात्रीची ऑनकॉल ड्युटी असते, कुणाचे आईवडील गावी आजारी असतात. तिथे फोन बंद करायला लावणं अन्यायाचं ठरेल. रिंग चालू ठेवून फोन फ्रिजवर ठेवला तरी पुरतं. फोन वाजला की “ऑफिसचा आहे, दोन मिनिटांत आलो” एवढं सांगून उठणारा माणूस आणि बोलणं चालू असताना न सांगता स्क्रीनकडे वळणारा माणूस यांत समोरच्याला फार मोठा फरक जाणवतो.

सवय आठवड्याभरात सुटत नाही. हात पुन्हा फोनकडे गेला, तर ठरलेली एखादी खूण, नुसतं नाव घेणंही, पुरे होतं; मुलांसमोर किंवा सासूबाईंसमोर टोमणा मारू नये. मात्र फोन दूर ठेवूनही तो बोलणं टाळत असेल, प्रत्येक विषयावर उठून जात असेल, तर अडचण फोनची नाही. अशा वेळी दोघांनी मिळून विवाह-समुपदेशकाकडे गेलेलं बरं.