१०२४ संख्यांचा हिशोब

माइकसमोर कुणी तंबोरा छेडला, की संगणकाच्या हाती येतात त्या निव्वळ साध्या संख्या: या क्षणी हवेचा दाब इतका, पुढच्या क्षणी तितका. अशा १०२४ संख्या फूरिये रूपांतरात घातल्या, की १०२४ उत्तरं मिळतात. पण प्रत्येक उत्तराचे दोन भाग असतात, एक वास्तव आणि एक काल्पनिक. म्हणजे आत गेल्या १०२४ संख्या आणि बाहेर आल्या २०४८. रूपांतर काही नवी माहिती निर्माण करत नाही. मग हा वाढावा आला कुठून?

चारच संख्या घेऊन पाहू: ४, १, २, ३. स्थानं शून्यापासून मोजायची. कागदावर पाच मिनिटांत होणारं हे गणित असं येतं:

```
X[0] = 10
X[1] = 2 + 2j
X[2] = 2
X[3] = 2 - 2j
```

इथे `j` म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. `X[3]` मध्ये नवं काहीच नाही. `X[1]` च्या काल्पनिक भागाचं चिन्ह बदललं, की झालं. आत गेलेल्या संख्या वास्तव असल्या, की हे असंच होतं: सुरुवातीकडून `k` वं पद आणि शेवटाकडून तितकंच दूर असलेलं `N-k` वं पद ही एकमेकांची प्रतिबिंबं असतात. वाढावा तो हाच.

खरी गंमत पुढे आहे. शून्याचं स्थान जागेवर ठेवून मालिका उलटी वाचली, तर ४, ३, २, १ मिळते. मूळ मालिका आणि ही उलटी यांची सरासरी ४, २, २, २: हा मालिकेचा सम भाग. मूळ मालिकेतून तो वजा केला, की उरतो विषम भाग ०, −१, ०, १. आता दोघांची वेगवेगळी रूपांतरं करा. समाचं येतं १०, २, २, २, निखळ वास्तव. विषमाचं येतं ०, `2j`, ०, `-2j`, निखळ काल्पनिक. वरच्या चौकटीत हे दोन्ही आधीच शेजारी शेजारी बसलेले होते! वास्तव भाग वाचला की सम कळतो, काल्पनिक वाचला की विषम.

इथे नवशिके हमखास फसतात. १, २, २, १ ही मालिका डोळ्यांना सममित दिसते, म्हणून रूपांतर वास्तव येईल असं वाटतं. प्रत्यक्षात `X[1]` येतं `-1 - j`. आरसा मालिकेच्या मधोमध नसतो, शून्याच्या स्थानावर असतो. म्हणून पहिल्या स्थानाची जोडी तिसऱ्याशी लागते आणि तिथे २ समोर १ आहे. १, २, ५, २ लिहिली तर ती खरी सम ठरते.

पायथॉनमधलं `numpy.fft.rfft` ही प्रतिबिंबं देतच नाही. १०२४ संख्या दिल्या, की ते ५१३ पदं परत करतं. त्यांतलं पहिलं आणि शेवटचं पद वास्तवच असतं, कारण ती स्वतःचीच प्रतिबिंबं आहेत. उरलेल्या ५११ पदांचे प्रत्येकी दोन भाग, म्हणजे १०२२. त्यात ही दोन मिळवा: बरोबर १०२४. ध्वनीची ऊर्जा काढताना मधली पदं दुप्पट धरायची, ही दोन मात्र एकदाच.