शब्द ओळखीचा, अर्थ परका

इटलीतल्या अनेक गावांत कुणी गेलं की भिंतीवर निधनाचं छापील पत्रक लागतं. त्यावर नाव, वय, अंत्यविधीची वेळ असते आणि दुःखद बातमी कळवणाऱ्यांची यादीही असते. पत्नी, मुलं वगैरे झाली की ती बहुतेकदा 'ए पारेंती तुत्ती' या ठरलेल्या शब्दांनी संपते. इंग्रजीच्या वाटेने इटालियनकडे आलेला अनुवादक इथे 'पेरेंट्स' वाचतो आणि नव्वदीत गेलेल्या आजोबांच्या मागे त्यांचे 'सर्व आईवडील' उभे करतो. पण 'पारेंती' म्हणजे नातेवाईक. आईवडिलांना इटालियनमध्ये 'जेनितोरी' म्हणतात. आपल्या निधनवार्तांमध्ये जिथे 'समस्त आप्तेष्ट' लिहिलेलं असतं, तीच ही जागा.

अशा शब्दांना इटालियनमध्ये 'फाल्सी आमीची' म्हणजे खोटे मित्र म्हणतात. हे नाव फ्रेंचमधून आलं. केसलर आणि देरोकिन्यी या दोघांनी इंग्रजीतल्या फसव्या शब्दांवर १९२८ साली लिहिलेल्या फ्रेंच पुस्तकामुळे ते रुळलं. मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. हिंदीतली 'शिक्षा' शाळेत मिळते, मराठीतली गुन्ह्याबद्दल.

फसगतीचं मूळ बहुधा लॅटिनमध्ये सापडतं. 'पारेंस' म्हणजे जन्म देणारा. उत्तरकालीन लॅटिनमध्ये हा शब्द सैलावून सगळ्या गोतावळ्याला लागू झाला. इटालियनने हा पसरलेला अर्थ ठेवला, इंग्रजीने फक्त आईबापांचा. 'मोर्बिदो'ची कहाणी याहून रंजक आहे. लॅटिनमध्ये 'मोर्बुस' म्हणजे रोग आणि 'मोर्बिदुस' म्हणजे आजारी. आजारी माणूस गळून जातो, त्याचं अंग ढिलं पडतं. त्या ढिलेपणातून अर्थ सरकत सरकत मऊपणाकडे गेला. आज इटलीत गादी, उशी, पाव, लोकरीचा स्वेटर, सगळं 'मोर्बिदो' असतं. सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणारा जॉर्जो वासारी रंगवलेल्या कांतीचा मुलायमपणा वाखाणताना 'मोर्बिदेत्सा' म्हणतो. इंग्रजीत मात्र 'मॉर्बिड' हा शब्द रोग आणि मृत्यूच्याच आसपास राहिला. त्या विकृत छटेसाठी इटालियनमध्ये वेगळा शब्द आहे, 'मोर्बोझो'.

'मोर्बिदो' फसवतो, पण पकडलाही लवकर जातो. पाककृतीत 'कार्ने मोर्बिदा' आलं आणि अनुवादात 'रोगट मांस' उतरलं, तर मूळ न पाहताही वाचक थबकेल. मटण मऊ शिजलंय एवढंच तिथे म्हणायचं असतं. 'पारेंती'चंही तसंच. लग्नाला 'त्रेंता पारेंती' आले असतील, तर कुणालाही तीस आईबाप असू शकत नाहीत, हे लक्षात यायला वेळ लागत नाही.

खरा घातक शब्द 'एव्हेंतुआल्मेंते', कारण तो चुकला तरी वाक्य सरळच दिसतं. इंग्रजीतलं 'इव्हेंच्युअली' म्हणजे शेवटी, कधी ना कधी होणारच. इटालियन शब्दाचा अर्थ आहे गरज पडलीच तर, तशी वेळ आली तर. मैत्रीण म्हणाली, 'एव्हेंतुआल्मेंते ती क्यामो दोमानी', तर तिचा उद्याचा फोन नक्की नाही. लागलंच तर ती करेल. इथे चूक झाली तर फार तर कुणी फोनची वाट पाहत बसेल.

करारात हीच चूक पैशांवर येते. खरेदीच्या करारात असं वाक्य असू शकतं: 'ले एव्हेंतुआली स्पेसे दी त्रास्पोर्तो सोनो आ कारिको देल्लाक्विरेंते.' अर्थ असा की वाहतुकीचा खर्च आलाच, तर तो खरेदीदाराने सोसायचा. खर्च येईलच असं यात कुठेही म्हटलेलं नाही. अनुवादक 'इव्हेंच्युअल' डोक्यात धरून 'अखेरीस येणारा वाहतूक खर्च खरेदीदाराचा' असं लिहितो. वाक्य व्याकरणात बसतं, कायदेशीरही वाटतं, आणि 'झाला तर' असलेला खर्च 'होणारच' ठरतो. तपासणाऱ्याने फक्त अनुवाद वाचला, तर त्याला शंका यायचं काही कारणच नाही. मूळ मजकूर शेजारी ठेवून प्रत्येक 'एव्हेंतुआले'पाशी 'असल्यास' किंवा 'झाल्यास' बसवून पाहणं, हाच इथे भरवशाचा उपाय. मराठी सरकारी भाषेत 'हरकती असल्यास कळवाव्यात' म्हणतात, त्यातलं 'असल्यास' या इटालियन विशेषणाशी अगदी जुळतं.

कोण कुठे फसेल, हे तो कुठल्या भाषेतून आला यावर ठरतं. फ्रेंच किंवा जर्मन येणारा 'एव्हेंतुआल्मेंते'ला सहसा अडखळत नाही, कारण त्या भाषांतले जुळे शब्दही 'कदाचित, गरज पडल्यास' असंच सांगतात. फ्रेंचमध्ये 'पारां' आईवडिलांनाही म्हणतात आणि नातेवाइकांनाही. त्यामुळे तिथून येणाऱ्याला संदर्भ पाहायची सवय असते. स्पॅनिशवाल्याची अडचण निराळीच. इटालियन नाश्त्याच्या टेबलावरचं 'बुर्रो' म्हणजे लोणी. त्याच्या भाषेत मात्र 'बुर्रो' म्हणजे गाढव.